18 मुलाखती, 78 टक्के आणि आमची चूक

तीन वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी कबूल केल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आम्ही चार कार्यकर्त्यांनी एका महाविद्यालयातल्या 18 विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. सगळे अनुसूचित जातीचे आणि सगळे शिष्यवृत्तीला पात्र. तरीही फॉर्म भरायची वेळ आली की त्यातली बरीच मुले टाळाटाळ करायची, काहींचे तर वर्ष तसेच निघून जायचे. असे का होते, हे आम्हाला समजून घ्यायचे होते. मुलांनी सांगितले की कार्यालयातला कारकून चालू तासाला वर्गात येतो आणि शिष्यवृत्तीवाल्यांची यादी मोठ्याने वाचतो. एक मुलगा म्हणाला, "यादी वाचायला लागले की मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जातो." 18 पैकी 14 जणांच्या बोलण्यात अपमानाचा असा काही ना काही प्रसंग आला. आम्ही लगेच भागाकार केला आणि पत्रकावर ठळक अक्षरात छापले : "78 टक्के दलित विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती घेताना अपमान सोसावा लागतो."

पत्रक घेऊन आम्ही महाविद्यालयाच्या बैठकीत गेलो. एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, "हे 78 टक्के कशाचे? ही 18 मुले तुम्ही निवडली कशी?" खरे उत्तर असे होते की आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलांना आम्ही विचारले आणि त्यांनी आपापले मित्र आणले. म्हणजे जी मुले आधीच या प्रश्नावर बोलायला तयार होती, तीच आमच्याकडे आली. आम्ही गप्प बसलो. बैठक तिथेच संपली. मुलांचा अपमान खरा होता, पण आमचे वाक्य खोटे होते, आणि आमचे वाक्य पडले म्हणून मुलांचा अपमानही खोटा ठरवला गेला. एम.ए.ला समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने ही चूक करावी, याची लाज आम्हाला आजही वाटते.

पुढे काही महिन्यांनी एका चर्चासत्रात उलट बाजूचा एक शोधनिबंध वाचला गेला. त्याचा निष्कर्ष असा होता : "ग्राउंडेड थिअरी पद्धतीने केलेल्या 15 सखोल मुलाखतींवरून असे सिद्ध होते की, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या गळतीमागे कुटुंबातील शैक्षणिक आकांक्षेचा अभाव हे प्रमुख कारण आहे." सभागृहात टाळ्या पडल्या. आमचे काही तरुण मित्र संतापून उठले आणि म्हणाले, हा निबंध जातीयवादी आहे. असेलही. पण 'जातीयवादी' म्हटल्याने निबंध खोडून निघत नाही. तो खोडायचा तर त्या माणसाने नेमके काय काम केले आणि तेवढ्या कामावर किती बोलता येते, हे तपासावे लागते. तेच तपासणे आम्हाला आमच्या पत्रकालाही लावावे लागले.

गुणात्मक संशोधनाच्या निबंधांत तीन नावे वारंवार दिसतात : थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, ग्राउंडेड थिअरी आणि एथ्नोग्राफी. वाचणाऱ्याला वाटते, ही एकाच गोष्टीची तीन भारदस्त नावे आहेत. तसे नाही. तिन्हींत करायचे काम वेगळे असते, म्हणून करता येणारा दावाही वेगळा असतो. आमच्याच यादीच्या प्रश्नावर तिन्ही पद्धती लावून हा फरक पाहू.

थीमॅटिक अ‍ॅनालिसिस : बोलण्यातला अर्थ

समजा आमच्या हातात त्याच 18 मुलाखती आहेत, आणखी काही नाही. मग आम्ही प्रामाणिकपणे करू शकतो ते थीमॅटिक अ‍ॅनालिसिस. या पद्धतीची आज सर्वांत जास्त वापरली जाणारी मांडणी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 साली केली. त्यांनी सहा टप्पे सांगितले. आधी मुलाखती पुन्हापुन्हा वाचून त्यात मुरायचे. मग ओळीओळीला, परिच्छेदाला छोटी नावे द्यायची, त्याला कोडिंग म्हणतात. मग सारख्या कोडांना एकत्र आणून थीम तयार करायच्या, त्या मूळ मुलाखतींशी ताडून पाहायच्या, त्यांची नेमकी व्याख्या करायची आणि शेवटी लिहायचे.

इथे पहिली घसरण होते ती थीम म्हणजे काय हे न कळल्यामुळे. 'शिष्यवृत्तीच्या अडचणी' ही थीम नव्हे. तो विषय झाला. त्याखाली कागदपत्रे, बँक खाते, कारकून, यादी असे काहीही कोंबता येते. थीमला एक मध्यवर्ती अर्थ असावा लागतो. आमच्या मुलाखतींतून निघू शकणारी खरी थीम अशी : 'हक्काचे पैसे मागताना उपकार घेतल्यासारखे वाटणे'. तिच्याखाली यादी वाचल्यावर बाहेर जाणारा मुलगा येतो, "सरकार तुम्हाला फुकट शिकवतंय" हे ऐकून घेणारी मुलगी येते, आणि फॉर्मवर सही आणायला मित्राला सोबत न नेणारा मुलगाही येतो. प्रसंग तीन, अर्थ एक.

दुसरी घसरण म्हणजे "मुलाखतींतून पाच थीम उदयास आल्या" हे वाक्य. ब्राउन आणि क्लार्क यांचा या वाक्यावर आक्षेप आहे. थीम काही मुलाखतीत दडून बसलेल्या नसतात. त्या वाचणारा माणूस तयार करतो, आणि तयार करताना त्याचा अनुभव, त्याची जात, त्याचे वाचन हे सगळे कामाला लागते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण ते लपवू नये. आम्ही स्वतः अशाच यादीत नाव ऐकून मोठे झालो, म्हणून 'उपकार' हा शब्द आम्हाला लगेच ऐकू आला. दुसऱ्या कोणाला कदाचित कागदपत्रांचा कंटाळा आधी ऐकू आला असता. म्हणून निबंध लिहिणाऱ्याने आपण कुठून पाहत आहोत हे सांगितले पाहिजे, आणि त्याच्या थीममध्ये न बसणारी बोलणीही दाखवली पाहिजेत. आमच्या 18 पैकी चार मुलांना अपमान वाटला नव्हता. पत्रकात आम्ही त्यांना साफ गाळले होते.

मग या पद्धतीने दावा काय करता येतो? एवढाच की, या 18 मुलांच्या बोलण्यात अर्थाची अशी एक रचना दिसते आणि ती आम्ही अशा पुराव्याने दाखवतो आहोत. किती टक्के विद्यार्थ्यांना असे वाटते, हे सांगता येत नाही, कारण मुले तशी निवडलेलीच नाहीत. ज्यांनी अपमानाचा उल्लेख केला नाही त्यांचा अपमान झालाच नाही, असेही म्हणता येत नाही, कारण प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारलेला नव्हता. म्हणजे 14 भागिले 18 हा भागाकार गणित म्हणून बरोबर होता, पण त्याला अर्थ नव्हता.

ग्राउंडेड थिअरी : कधी, कोणापुढे, कशामुळे

ग्राउंडेड थिअरी हे नाव आज सर्वांत जास्त उधार घेतले जाते. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1967 साली पुस्तक लिहून ही पद्धत मांडली. पण आधी त्यांनी ती करून पाहिली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण, डॉक्टर आणि नर्स एकमेकांशी कसे वागतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि 1965 साली तो प्रसिद्ध केला.

ते कसे फिरले हे पाहण्यासारखे आहे. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत असणे किंवा नसणे, यावर सगळ्यांचे वागणे अवलंबून असते, असे त्यांच्या लक्षात येऊ लागले. मग त्यांनी पुढचे वॉर्ड वाटेल तसे निवडले नाहीत. जिथे रुग्णाला काहीच कळू शकत नाही अशा ठिकाणी ते आधी गेले, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आणि बेशुद्ध रुग्ण असलेला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग. मग अतिदक्षता विभागात गेले, कारण तिथे मृत्यू अपेक्षित असतो आणि लवकर येतो. मग कर्करोगाच्या विभागात, जिथे तो सावकाश येतो. मग अपघात विभागात, जिथे तो अचानक येतो. प्रत्येक पुढचे पाऊल आधीच्या पावलात पडलेल्या प्रश्नाने ठरवले होते. याला थिऑरेटिकल सॅम्पलिंग म्हणतात. सोबत प्रत्येक नव्या नोंदीची जुन्या नोंदींशी सतत तुलना चालू होती आणि मनात येणारे विचार मेमो म्हणून लिहिले जात होते. त्यातून चार परिस्थिती हाती आल्या : रुग्णाला काहीच माहीत नाही, त्याला संशय आहे, दोघांनाही माहीत आहे पण दोघेही माहीत नसल्याचे नाटक करतात, आणि सगळे उघड आहे. एका परिस्थितीतून दुसरीत माणसे कशी जातात, हेही त्यांनी सांगितले. याला थिअरी म्हणायचे, कारण ती कधी, कोणापुढे, कोणत्या अटीवर काय घडते ते सांगते.

पुढे ग्लेझर आणि स्ट्रॉस यांचे आपसात मतभेद झाले, आणि कॅथी चार्माझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी थिअरी ही संशोधक घडवतो असे मांडून पद्धतीला वेगळे वळण दिले. पण गोळा करणे आणि विश्लेषण करणे ही दोन्ही कामे सोबत चालली पाहिजेत, यावर या सगळ्यांचे एकमत आहे.

आता आमचा यादीचा प्रश्न घ्या. पाचसहा मुलाखतींनंतरच आम्ही थांबून विश्लेषण केले असते, तर प्रश्न पडला असता : मुले अपमान वाटतो म्हणून लपतात, की वर्गासमोर नाव वाचले जाते म्हणून लपतात? हे कळायला यादी वर्गात वाचली जात नाही अशा महाविद्यालयात जायला हवे होते. मग मागासवर्गीय वसतिगृहात, जिथे सगळेच शिष्यवृत्तीवाले, लपवायचे कोणापासून? मग आमच्या अभ्यासवर्गात निळा बिल्ला लावून येणाऱ्या मुलाकडे, जो यादीत नाव आले की हात वर करून "हजर" म्हणतो. तो का लपत नाही? त्या चार मुलांकडेही परत जायला हवे होते, ज्यांना अपमान वाटला नव्हता. असे केल्यावर कदाचित असे विधान हाती आले असते की, ओळख उघड करणे सक्तीचे असेल आणि सोबत आपल्यासारखे कोणी नसेल तेव्हा मुले हक्क सोडतात, आणि सोबत गट असेल तर तीच मुले हक्क मागतात. हे विधान आम्ही सिद्ध केलेले नाही, कारण आम्ही हे काम केलेच नाही. पण ग्राउंडेड थिअरी कोणत्या जातीचे विधान देऊ शकते, हे त्यावरून कळेल. ती घडण्याची रीत आणि तिच्या अटी सांगते. किती जणांच्या बाबतीत असे घडते, हे तीही सांगत नाही.

एथ्नोग्राफी : बोलणे आणि वागणे

मुलाखतीत माणूस जे सांगतो ते त्याचे सांगणे असते. तो प्रत्यक्षात काय करतो हे पाहायचे तर तिथे जाऊन राहावे लागते. एथ्नोग्राफी म्हणजे दीर्घकाळ एका ठिकाणी वावरणे, पाहणे, रोजच्या रोज टिपणे लिहिणे. आमच्या प्रश्नासाठी याचा अर्थ असा की, फॉर्म भरण्याच्या पूर्ण हंगामात त्या कार्यालयाच्या खिडकीजवळ बसायचे. खिडकीवर कोण आधी येतो, कोण रांग संपेपर्यंत खांबाआड उभा राहतो, कारकून कोणाला "अहो" म्हणतो आणि कोणाला "ए" म्हणतो, यादी वर्गात वाचायचा हुकूम कोणी दिला की ती नुसतीच पडलेली सवय आहे, हे सगळे तिथे दिसते. "मला काही त्रास नाही" असे मुलाखतीत सांगणारा मुलगा खांबाआड उभा असलेला दिसला, तर ते दोन्ही पुरावे आहेत, आणि त्यांच्यातले अंतर हा तिसरा.

पण पाहणारा कोण आहे, यावर दिसणारे बदलते. याचे फार बोलके उदाहरण जेराल्ड बेरेमन यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1957-58 मध्ये डेहराडूनजवळच्या डोंगरातल्या एका गावात राहिला. गावाला त्याने सिरकंडा असे नाव दिले. त्याचा दुभाषी आणि सहायक सुरुवातीला एक ब्राह्मण तरुण होता. काही महिन्यांनी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी एक मुसलमान शिक्षक आला. संशोधक तोच, गाव तेच, पण माहिती बदलली. ब्राह्मण सहायक असताना गावातल्या उच्च जाती आपले मांस खाणे, दारू पिणे, बळी देणे झाकून ठेवत होत्या, कारण मैदानी ब्राह्मणापुढे त्यांना आपण कमी ठरू अशी भीती होती. आणि खालच्या मानल्या गेलेल्या जाती त्याच्यापुढे मोकळ्या बोलत नव्हत्या. सहायक बदलल्यावर दोन्ही बाजूंचे पडदे सरकले. बेरेमनने 1962 साली या अनुभवावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तो आजारपणाचा योगायोग घडला नसता, तर आपल्याला पहिलेच गाव खरे वाटले असते.

म्हणून एथ्नोग्राफी वाचताना आमचा पहिला प्रश्न असतो : हा माणूस कुठे राहिला, कोणाच्या घरी जेवला, वस्तीत कोणासोबत शिरला? सरपंचाच्या ओट्यावर बसून लिहिलेले गाव हे ओट्यावरून दिसणारे गाव असते. ते खोटे नसते, पण त्याने संपूर्ण गावाच्या वतीने बोलू नये. आणि हा नियम आम्हालाही लागू आहे. आम्ही वस्तीतून पाहिलेल्या गावात सरपंचाच्या ओट्यावरचे बोलणे आम्हाला ऐकू आलेले नसते.

एथ्नोग्राफीचा दावा मग काय? या ठिकाणी, या काळात, या लोकांत गोष्टी कशा चालतात, आणि बोलणे व वागणे यांच्यात काय नाते आहे. सगळ्या महाविद्यालयांत असेच चालते, हे ती स्वतःहून म्हणू शकत नाही. आणि 'एथ्नोग्राफिक मुलाखती' असे लिहून कोणी तीन दिवसांत परत आला असेल, तर त्याने फक्त मुलाखतीच घेतल्या आहेत.

मग त्या 15 मुलाखती

आता त्या टाळ्या पडलेल्या निबंधाकडे वळू. आम्ही तो मागवून घेतला आणि अभ्यासवर्गात सर्वांनी मिळून वाचला. निष्कर्ष शेवटी वाचला. आधी 'संशोधन पद्धती' हा भाग वाचला, कारण माणूस काय काम करतो ते तिथे कळते.

मुलाखती एका महिन्यात घेतल्या होत्या. प्रश्नावली आधीच ठरलेली होती आणि शेवटपर्यंत बदलली नव्हती. सर्व मुलाखती संपल्यावर मग कोडिंग सुरू झाले. मधल्या विश्लेषणावरून पुढचा माणूस निवडल्याची एकही नोंद नव्हती. सतत तुलना नाही, मेमो नाहीत, आणि शेवटी अटी-परिस्थिती सांगणारी थिअरीही नाही. होत्या त्या पाच थीम आणि प्रत्येकीखाली दोन-दोन उद्‌गार. म्हणजे नाव ग्राउंडेड थिअरीचे आणि काम थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचे. एवढ्याने निबंध फेकून देण्यासारखा होत नाही. पण मग दावा थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचाच हवा. 'प्रमुख कारण सिद्ध होते' हे म्हणता येणार नाही. प्रमुख म्हणायचे तर इतर कारणांशी मोजून तुलना हवी, आणि 15 मुलाखतींत ते मोजमाप होत नाही.

निबंधात एक वाक्य असेही होते : "12 व्या मुलाखतीनंतर सॅच्युरेशन झाले." म्हणजे नवे काही सापडेनासे झाले. हा 12 चा आकडा अनेक निबंधांत दिसतो, म्हणून त्याचा उगम सांगतो. 2006 साली ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या 60 मुलाखती तपासल्या आणि पाहिले की पहिल्या 12 मुलाखतींतच बहुतेक सगळे कोड येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सर्वांना तेच प्रश्न विचारले होते. लेखकांनी ही अट सांगितली आहे. पुढे लोकांनी अट सोडली आणि आकडा ठेवला. ग्राउंडेड थिअरीत तर सॅच्युरेशनचा अर्थच वेगळा आहे. तिथे एखादी संकल्पना तिच्या सगळ्या बाजूंनी भरली का, हे पाहतात, आणि ती भरण्यासाठी मुद्दाम वेगळी माणसे शोधतात. एकाच ओट्यावरच्या 12 जणांना तोच प्रश्न विचारला, तर नवे काही न सापडणे यात नवल काय?

त्यानंतर आमच्यातल्या एका मुलीने परिशिष्टातला तक्ता काढला. बारावीनंतर पहिल्यांदाच आमच्या वर्गाला आलेली मुलगी. तिने बोट ठेवून विचारले, "दादा, या 15 मध्ये मुलं किती आहेत?" आम्ही मोजले. 11 जण शिक्षक, वसतिगृहाचे गृहपाल आणि कार्यालयीन कर्मचारी होते. शिक्षण सोडलेले विद्यार्थी फक्त चार. पालक एकही नाही. आणि 'कुटुंबातील आकांक्षेचा अभाव' या थीमखालचे दोन्ही उद्‌गार शिक्षकांचे होते.

त्या क्षणी निबंधाचा खरा अर्थ आमच्यापुढे उघडा पडला. या निबंधाने कुटुंबांच्या आकांक्षेबद्दल काहीही शोधलेले नाही, कारण कुटुंबांना विचारलेलेच नाही. पण त्याने एक गोष्ट चांगली दाखवली आहे : विद्यार्थी शाळा-महाविद्यालय सोडतो तेव्हा तिथले शिक्षक आणि कर्मचारी त्याचे कारण त्याच्या घरात शोधतात. आपल्या वर्गात, आपल्या खिडकीवर, आपल्या यादीत शोधत नाहीत. हा निष्कर्ष त्या निबंधाच्या पुराव्यावर टिकतो. लेखकाला तो दिसला नाही, हा भाग वेगळा. जो निबंध आमच्याविरुद्ध वापरला जात होता, तो नीट वाचल्यावर आमच्या मागणीचा पुरावा निघाला. 'जातीयवादी' म्हणून तो फेकला असता, तर हा पुरावाही त्याच्यासोबत गेला असता.

"18 जणांवरून काय होते?"

आता उलट बाजूची एक चूकही सांगितली पाहिजे. अशी चर्चा ऐकली की काही जण म्हणतात, मग 18 जणांवरून काहीच सिद्ध होत नाही, गुणात्मक संशोधन म्हणजे नुसत्या गोष्टी. हेही चूक आहे, आणि हे म्हणणे सत्तेच्या सोयीचे आहे.

"आमच्या महाविद्यालयात असा प्रकार घडतच नाही" असे प्राचार्य म्हणाले, तर ते विधान पाडायला 78 टक्के लागत नाहीत. नीट नोंदवलेला, तारखेसह, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेला एक प्रसंग पुरतो. 'कधीच नाही' हे एका उदाहरणाने मोडते. तसेच, यादी वाचण्यापासून वर्ष वाया जाण्यापर्यंतची साखळी कडीकडीने दाखवली, तर ती साखळी जिथे जिथे असू शकते तिथे तिथे शोधायला आधार मिळतो. किती ठिकाणी आहे ते मोजायला मग सर्वेक्षण करावे, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांची निवड सर्वांच्या पूर्ण यादीतून, चिठ्ठ्या टाकून करावी. आमच्या ओळखीतून करू नये. ही दोन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. आम्ही एकाचे काम केले आणि दुसऱ्याचा दावा छापला, हीच आमची चूक होती.

गेल्या वर्षी आम्ही नवे पत्रक काढले. त्यावर टक्का नव्हता. त्यावर लिहिले होते की, आम्ही 18 विद्यार्थ्यांशी बोललो, ही मुले आमच्या ओळखीतून आली, 14 जणांनी वर्गात यादी वाचली जाण्याचे किंवा उपकाराच्या भाषेचे प्रसंग सांगितले, चौघांना तसे वाटले नाही. खाली तीन प्रसंग नावाशिवाय दिले आणि एकच मागणी केली : चालू तासाला यादी वाचणे बंद करा. तेच प्राध्यापक त्या बैठकीत होते. त्यांनी पत्रक दोनदा वाचले आणि या वेळी निवडीबद्दल काही विचारले नाही, कारण उत्तर आधीच कागदावर होते. यादी वाचणे बंद झाले.

आता ती यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावतात, जातीच्या रकान्यासह. कोण ती वाचायला दुपारी येते आणि कोण संध्याकाळी सगळे गेल्यावर येते, हे त्या मुलीने वहीत टिपायला सुरुवात केली आहे. तिला आम्ही एवढेच सांगितले की वहीच्या पहिल्या पानावर आधी स्वतः कुठे उभी आहेस ते लिही.